काळं दिसलं म्हणजे पाणीच असं नाही: माझ्या दोन सोनोग्राफ्या

मी डीटीपीवाली. कोल्हापुरात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये नऊ वर्षं लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स करतेय, त्यामुळे ग्रे म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच टक्के सुरू होतात, हा 30 टक्के, हा 70, हा छापताना बुजणार वगैरे. सोनोग्राफीचा फोटो हातात आला तेव्हा मला वाटलं की हे तर आपल्याच खात्यातलं काम आहे, आपल्याला कळेल. घोळ तिथेच झाला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी कराडला आले. तिथल्या डॉक्टरांनी पोट हाताने तपासलं, टेप लावून मोजलं आणि म्हणाले की पोट आठवड्यांच्या मानाने जरा लहान वाटतंय, ग्रोथ स्कॅन करून घ्या, सोबत डॉपलर पण, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची तपासणी. त्या दिवशी मला 32 आठवडे 2 दिवस झाले होते.

सेंटरला गेल्यावर आधी कागदपत्रं. आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, फॉर्म एफ, त्यात मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून माझी सही. भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड. आई तिथेही बाकीच्या बायकांना सांगत होती की हिला आधी पाच महिन्याला केली होती तेव्हा सगळं नॉर्मल होतं, जणू त्यांनी विचारलंच होतं.

सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, बोलक्या. बऱ्याच ठिकाणी स्क्रीन दाखवत नाहीत, पाच महिन्याच्या वेळी मला काहीच दिसलं नव्हतं. ह्या मॅडमनी मात्र मधेमधे स्क्रीन माझ्याकडे वळवली, डोकं, पोट, पाणी बघताना दाखवायच्या आणि बाकीच्या वेळी परत आपल्याकडे फिरवून घ्यायच्या. गार जेल पोटावर ओतलं. हे जेल कशाला तर म्हणे आवाज हवेतून नीट पुढे जात नाही, पोटावर फिरवतात तो प्रोब आणि कातडी ह्यांच्या मधे जराशी जरी हवा राहिली तरी तेवढ्या पट्ट्यात चित्रच येत नाही.

आता मूळ गोष्ट, जी मला त्या दिवशी अर्धी कळली आणि दोन आठवड्यांनी पूर्ण. हा फोटो नाहीच. कॅमेऱ्यात उजेड येतो, इथे आवाज जातो आणि परत येतो, तो पण आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला तीस ते पन्नास लाख कंपनांचा. प्रोब एक छोटा ठोका आत पाठवतो आणि मग गप्प बसून ऐकतो. आवाज शरीरात सेकंदाला 1540 मीटर जातो असं मशीन धरून चालतं, म्हणजे 10 सेंटीमीटर खोल असलेल्या वस्तूवरून परत यायला साधारण 130 मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्या वेळाने उत्तर आलं की मशीन त्या खोलीवर एक ठिपका ठेवतं. उत्तर जोरात आलं तर ठिपका पांढरा, हळू आलं तर ग्रे आणि आलंच नाही तर काळा. म्हणजे हाड पांढरं दिसतं ते हाड पांढरं असतं म्हणून नाही, ते आवाज जोरात परत फेकतं म्हणून. पाण्यात आवाजाला अडखळायला काही नाही, तो सरळ आरपार जातो, उत्तर नाही, म्हणून काळं. यकृत, वार, मेंदू असले मऊ भाग थोडं थोडं उत्तर देत राहतात म्हणून ते सगळे ग्रे.

मी लगेच डोक्यात नियम करून टाकला, पांढरं म्हणजे हाड, ग्रे म्हणजे मांस, काळं म्हणजे पाणी. झालं, शिकले.

मॅडमनी पहिल्यांदा प्रोब अगदी खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या वर ठेवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, आधी दाराशी कोण बसलंय ते बघते. स्क्रीनवर वरच्या बाजूला एक काळा त्रिकोणासारखा भाग, ती माझी लघवीची पिशवी, आणि तिच्या पलीकडे जिथे डोक्याची गोल पांढरी कड दिसायला हवी तिथे गोल नव्हतंच, मऊसर ग्रे गोळा आणि मधे हाडाचे काही पांढरे तुकडे. मग प्रोब सरकत सरकत वर माझ्या बरगड्यांपाशी आला आणि तिथे ती कड दिसली, अंड्यासारखी, चकचकीत. मॅडम म्हणाल्या, "डोकं वर आहे गं, बसलंय बाळ." पायाळू! आईचा चेहरा उतरला. सासूबाईंना संध्याकाळी फोनवर सांगितलं तर त्या उलट खूश, म्हणे पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, माझी कंबर गेली वर्षभर धरलीये, बरं झालं घरचंच माणूस येतंय.

मॅडमना मात्र 32 आठवड्याला पायाळू असण्याचं काही वाटलं नाही. 28 आठवड्याच्या आसपास चारातलं एक बाळ असं असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात, बाकीची आपली आपण फिरतात. आणि एक सांगितलं ते मला फार आवडलं, की नुसता छापलेला फोटो बघून बाळ कसं आहे ते ओळखायला जाऊ नकोस. कारण फोटोत वर म्हणजे प्रोबची बाजू, खाली म्हणजे माझी पाठ, आणि डावीकडे काय आहे ते प्रोब उभा धरला की आडवा त्यावर ठरतं. उभा धरला असेल तर डावी बाजू म्हणजे माझं डोक्याकडचं टोक, आडवा धरला असेल तर माझी उजवी कूस. डोक्याचा एकच फोटो घेतला तर ते डोकं बरगडीखाली आहे की खाली ओटीपोटात हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही, ते मॅडमच्या हाताला माहीत असतं. म्हणून डोकं वर आहे की खाली ते रिपोर्टमधे शब्दात लिहावं लागतं. आणि माझी चुलतबहीण व्हॉट्सॅपवर तिचा फोटो उलटा धरून म्हणत होती की बघ माझं बाळ फिरलं.

मग मोजमापं सुरू झाली. स्क्रीनवर BPD, HC, AC, FL अशी अक्षरं येतात, नवऱ्याला नंतर फोटो पाठवला तर त्याने विचारलं होतं की ह्यात एसी कुठून आला. BPD म्हणजे डोक्याची रुंदी, HC डोक्याचा घेर, AC पोटाचा घेर आणि FL मांडीच्या हाडाची लांबी. डोकं पटकन झालं. मधली पांढरी रेघ दिसली पाहिजे, मेंदूचे ते दोन ग्रे गोळे दिसले पाहिजेत, मग बाहेरच्या कडेवर गोल लावायचा. इतक्या आठवड्यांना कवटी बऱ्यापैकी टणक झालेली असते त्यामुळे प्रोबच्या जवळचा अर्धा मेंदू धुरकट दिसतो आणि लांबचा अर्धा स्वच्छ, मला वाटलं उलट असायला पाहिजे, पण जवळच्या हाडावर आवाज आपटून मागेपुढे होत राहतो आणि त्याची राख जवळच्या भागावर पडते असं त्यांनी समजावलं.

पोटाला मात्र वेळ लागला. बाळाची पाठ वर होती, म्हणजे माझ्या पोटाच्या कातडीकडे, आणि मणक्याच्या आणि बरगड्यांच्या खाली काळे काळे पट्टे पडले होते, खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर पडते ना तसे. मी लगेच माझा नियम लावला आणि विचारलं, "मॅडम, एवढं पाणी बाळाच्या पोटात?" त्या हसल्या. ते पाणी नव्हतं, ती सावली होती. हाडाने आवाज अडवला की त्याच्या मागे काही जातच नाही, आणि जिथे आवाज गेलाच नाही तिथून उत्तर कुठून येणार, म्हणून काळं. म्हणजे दोन काळे झाले, एक जिथे आवाज गेला आणि त्याला काही आडवं आलं नाही, आणि दुसरा जिथे आवाज पोचलाच नाही. दोन्ही स्क्रीनवर सारखेच काळे, माझ्या टक्केवारीत दोन्ही शंभर.

ओळखायचं कसं? काळ्याच्या तळाशी बघायचं. पाणी असेल तर ते कुठेतरी संपतं, त्याला पलीकडे कड असते आणि त्या कडेच्या खालचा भाग आजूबाजूपेक्षा जरा जास्तच उजळ दिसतो, कारण पाण्यातून जाताना आवाज थकला नाही, शेजारून मांसातून गेलेला थकला, आणि खोलवरचे आवाज थकून येतात म्हणून मशीन ते मुद्दाम वाढवून दाखवतं, मग न थकलेला आवाज पण वाढतो आणि जास्त पांढरा होतो. सावलीला तळ नसतो. ती हाडापासून सुरू होते आणि सरळ चित्राच्या खालच्या टोकापर्यंत काळीच जाते. हे एकदा दाखवल्यावर मला ते प्रत्येक फोटोत दिसायला लागलं, आज पण दिसतं.

तर त्या गजांच्या सावलीत बाळाचं जठर सापडेना. पोटाचा घेर मोजायला एक ठराविकच काप लागतो, त्यात जठराचा काळा ठिपका, यकृताच्या ग्रेमधे नाळेच्या शिरेचा काळा वाकडा तुकडा आणि मणक्याचे तीन पांढरे ठिपके, हे सगळं एकाच चित्रात आलं पाहिजे. पहिल्या प्रयत्नात 249 मिलिमीटर आलं पण त्यात मूत्रपिंड दिसत होतं, म्हणजे काप खाली गेला, ते त्यांनी पुसून टाकलं. मला म्हणाल्या बाहेर वीस मिनिटं चालून ये, काहीतरी खा. आईने डब्यातला शिरा काढला. चालून, खाऊन परत आले तर बाळ कुशीवर वळलेलं, सावल्या बाजूला गेलेल्या आणि तो काळा ठिपका समोर. ते बाळाने गिळलेलं पाणी. मला एकदम रडू आलं, म्हणजे तुम्ही हसाल, पण एका काळ्या ठिपक्यावरून मला पहिल्यांदा वाटलं की हे आत काहीतरी खातंपितंय.

घेर आला 258. मशीनने डोक्याला साधारण 32 आठवडे दिले, मांडीच्या हाडाला 32 आणि पोटाला 30. डोकं आणि हाड बरोबर आणि पोट दोन आठवडे मागे, ह्याचा अर्थ त्यांनी लपवला नाही. बाळाला कमी मिळत असेल तर ते आधी डोक्याला देतं, आणि काटकसर पहिल्यांदा दिसते यकृतात आणि पोटावरच्या चरबीत. म्हणून चार आकड्यांत पोटाच्या घेराकडे डॉक्टर सगळ्यात आधी बघतात. वजन आलं 1684 ग्रॅम, ह्या आठवड्याला मधलं वजन साधारण 1950 असतं आणि शंभर बाळांत खालून दहावं साधारण 1620 वर, म्हणजे आमचं रेषेच्या जरासंच वर. पण वजन कोणी केलेलं नसतं, ते त्या चार आकड्यांवरून सूत्राने काढतात, हॅडलॉक नावाच्या संशोधकाचं सूत्र आहे, आणि त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे धरायचंच. मी नंतर घरी ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर बघितलं, बाकी सगळं तेच ठेवून पोटाचा घेर 258 ऐवजी 272 टाकला तर वजन 1816 येतं. चौदा मिलिमीटरने एकशे तीस ग्रॅम! आणि ते चौदा मिलिमीटर म्हणजे गोल बरगडीवर लावला की कातडीच्या बाहेरच्या कडेवर एवढ्याचा फरक असू शकतो.

मग पाणी. बेंबी मधोमध धरून पोटाचे चार भाग करायचे, प्रत्येकात सगळ्यात खोल काळा खिसा शोधायचा, वरून खाली सरळ रेषेत मोजायचा आणि चारांची बेरीज, ती AFI. प्रोब जमिनीला काटकोनात धरायचा आणि दाबायचा नाही, दाबला तर खिसा चेपतो आणि पाणी उगाच कमी दिसतं. आठ ते चोवीस-पंचवीस सेंटीमीटर चांगलं, पाचच्या खाली कमी, पाच ते आठ म्हणजे काठावर. माझे आले 2.1, 1.8, आणि तिसऱ्या भागात एक मस्त मोठा काळा खिसा, मला वाटतं तीन साडेतीन तरी असेल. मी आतापर्यंत शिकलेली होते, तळ बघितला, कड होती, खाली उजळ पण होतं, सावली नव्हती, पाणीच. मी मनातल्या मनात बेरीज पण करायला लागले.

मॅडमनी एक बटण दाबलं आणि तो सगळा खिसा लाल-निळा झाला. नाळ! नाळेची वेटोळी एकावर एक बसलेली, आत वाहतं रक्त, आणि रक्त पण ग्रे चित्रात काळंच दिसतं कारण त्यातून येणारं उत्तर फारच बारीक. रंग चढला की कळतं की हे वाहतंय. गर्भजल असं वाहत नाही, ते काळंच राहतं. नाळ असलेला खिसा मोजायचा नाही असा नियम आहे, बाळाचा हातपाय मधे आला तरी नाही. मग शेजारी शोधून 1.4 मिळालं आणि चौथ्यात 1.9. बेरीज 7.2. काठावर. तो खिसा धरला असता तर आकडा नऊच्या आसपास गेला असता आणि रिपोर्टमधे सगळं छान लिहून आलं असतं, हे मी अजून विसरले नाहीये.

पाणी कमी का, ह्याचं उत्तर पण त्यांनी चित्रातच शोधलं. ह्या महिन्यांत गर्भजल बहुतेक बाळाच्या लघवीचंच बनतं. म्हणून त्यांनी बाळाच्या ओटीपोटात लघवीची पिशवी बघितली, छोटा काळा गोल, दिसला. पंधरा-वीस मिनिटांनी परत बघितला तर लहान झालेला. म्हणजे भरतेय, रिकामी होतेय, मूत्रपिंडं काम करतायत. मला विचारलं कपडे ओले होतात का, पाणी गळतंय असं वाटतं का, मी नाही म्हटलं. मग डॉपलर, नाळेच्या धमनीत रक्त कसं जातंय ते, तिथे लाटांसारखा आलेख येतो आणि दोन ठोक्यांच्या मधे पण रक्त पुढे जात राहिलं पाहिजे, ते जात होतं. मेंदूच्या धमनीचं पण ठीक. त्या म्हणाल्या आत्ता घाबरायचं काही नाही, पण हे एक चित्र आहे, वाढ एका चित्रात दिसत नाही, दोन आठवड्यांनी परत ये. उद्याच का नको असं आईने विचारलं, तर उद्या आलं तर मोजण्यातल्या चुकीएवढाच फरक दिसेल, वाढ त्याखाली झाकली जाईल.

घरी आले, रिपोर्टमधे बॉर्डरलाइन शब्द वाचला आणि झोप उडाली. आता माझा मूर्खपणा ऐका. भावाच्या ऑफिसच्या स्कॅनरवर मी तो चकचकीत थर्मल प्रिंट स्कॅन केला, फोटोशॉपमधे उघडला आणि नेहमीच्या सवयीने लेव्हल्स ओढल्या, म्हणजे गडद-फिकट कमीजास्त केलं, फोटो धुरकट असला की आपण तेच करतो. आणि बाळाच्या भोवती काळंभोर पाणीच पाणी! मी खूश. मग उलटीकडे ओढलं तर सगळं पाणी ग्रे, आणि वारेत, म्हणजे ती ग्रे जाड पट्टी असते त्यात, दोन काळी भोकं दिसायला लागली. आता ही काय? रात्री एक वाजता नवऱ्याला फोन. तो म्हणाला, तू ते बंद कर आणि झोप. मी बंद केलं नाही.

दोन आठवडे डॉक्टरांनी सांगितलं तसं पाणी मोजून प्यायले, दिवसाला तीन लिटर, डाव्या कुशीवर पडायचं, बाळाच्या हालचाली मोजायच्या. ताक, शहाळं, आईची पेज. फोटोशॉपच्या फाइली बारा झाल्या.

34 आठवडे 3 दिवसाला परत गेले आणि धीर करून मोबाईलवर मॅडमना माझी रंगरंगोटी दाखवली. त्या रागावतील वाटलं होतं, त्यांनी उलट मशीनवरचं एक गोल बटण फिरवलं. गेन, म्हणजे परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते. स्क्रीनवर माझं बाळ हळूहळू धुक्यात गेलं, पाण्यात राखेसारखे ठिपके भरले, मग उलटं फिरवल्यावर पाणी काळंकुट्ट आणि सोबत यकृत पण काळं व्हायला लागलं. "बघ, तू घरी केलंस ते मी इथे बसून दिवसभर करते." परत येणाऱ्या आवाजांतला सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठा ह्यांच्यातला फरक प्रचंड असतो आणि तो मशीन 256 ग्रेमधे कोंबून बसवतं, कुठला आवाज कुठल्या ग्रेला टाकायचा हे मशीन आणि ते चालवणारा मिळून ठरवतात. त्या आधी गेन अशी लावतात की माझ्या लघवीच्या पिशवीतलं काळं स्वच्छ काळं दिसेल, तिथे पाणी आहे हे तर नक्की माहीत आहे ना, मग तो काळा धरून बाकीचं बघायचं. आम्ही प्रेसमधे कागदाचा पांढरा आधी बघतो तसंच, मला एकदम पटलं. आणि छापलेल्या प्रिंटवर जे गेलं ते गेलं, मी ओढलेल्या लेव्हल्सनी आतला एक पण आवाज परत येणार नव्हता, मी फक्त कागदावरचा ग्रे ढकलत होते.

वारेतली ती दोन भोकं त्यांनी जिवंत चित्रात दाखवली. नीट बघितलं तर त्यांच्या आत अगदी संथ, धुरासारखं काहीतरी फिरत होतं. रक्ताची छोटी तळी, ह्या महिन्यात बऱ्याच जणींना दिसतात, बाळाची वाढ आणि डॉपलर ठीक असेल तर त्याकडे कोणी बघत नाही. आणि पाण्यात ह्यावेळी बारीक पांढरे कण तरंगत होते ते पण मी विचारलं, तर ते बाळाच्या अंगावरचं पांढरं चिकट आवरण सुटून आलेलं. पोटाच्या कातडीच्या लगेच खालचं पाणी थोडं ग्रे दिसतं ते मात्र खोटं, कातडीखालच्या थरांत आवाज मागेपुढे आपटतो त्याचं. म्हणजे काळं असून पाणी नाही, आणि पाणी असून काळं नाही. माझा नियम पूर्ण संपला.

मोजमापं ह्यावेळी दहा मिनिटांत झाली. पोटाचा घेर 283, पंधरा दिवसांत पंचवीस मिलिमीटर, आठवड्याला दहा-अकरा वाढतो त्यापेक्षा थोडं जास्तच. वजन 2086. मधल्या वजनापेक्षा अजून कमीच, पण त्याच्या आपल्या रेषेवर ते चाललं होतं, खाली घसरलं नव्हतं, चारशे ग्रॅम चढलं होतं. मॅडमच्या बोलण्यात लहान असणं आणि वाढ थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मी स्वतः जन्मले तेव्हा सव्वादोन किलो होते हे आईने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आधी का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे तू विचारलंस कधी.

पाणी 2.6, 3.1, 1.9, 2.2, म्हणजे 9.8. आईला वाटतं शहाळ्यांनी झालं. मॅडम म्हणाल्या पाणी पिण्याने फरक पडतो पण सगळा आकडा त्याला चिकटवू नका, बाळ हललं की खिसे पण हलतात, त्याच दिवशी परत मोजलं तरी एक-दीड सेंटीमीटरचा फरक येऊ शकतो. मला नवऱ्यासाठी थ्रीडी चेहरा हवा होता, तो नीट आला नाही, चेहऱ्यासमोर पाणी लागतं आणि आमच्या साहेबांनी नाक वारेला टेकवून ठेवलेलं, चिखलात तोंड बुडवल्यासारखा फोटो आला. (साहेब म्हणजे सवयीने म्हणते, तेव्हा काही माहीत नव्हतं आणि विचारलं पण नव्हतं.)

आणि हो, सगळ्यात पहिल्यांदा त्यांनी प्रोब खाली ठेवला होता, दाराशी. काळा त्रिकोण, आणि त्याच्या पलीकडे ती गोल पांढरी कड. मॅडमनी सांगायच्या आधी मीच म्हटलं, डोकं. त्या म्हणाल्या, "बरोबर. आणि कुठल्या बाजूला तोंड?" ते काही मला आलं नाही.

38 आठवडे 1 दिवसाला मुलगी झाली, नॉर्मल, 2 किलो 610 ग्रॅम. त्याच्या आठवडाभर आधी झालेल्या शेवटच्या सोनोग्राफीत अंदाज 2720 चा होता. थर्मल प्रिंट आता कपाटात पिवळट होत चाललेत, ते मी परत स्कॅन केलेत, लेव्हल्सला हात न लावता. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, पाय हातात धरून बघितले आणि म्हणाल्या, फिरलीस होय गं शेवटी, आता माझ्या कंबरेचं काय.